नागपूरचा बनियन मुंबईत वाळत नाही

मागच्या महिन्यात याच पानांवर उन्हाळ्यातल्या आतल्या कपड्यांविषयी एक लेख छापून आला. विषय असा की चारचौघांत कोणी काढत नाही, त्यामुळे लेखकाचं आधी अभिनंदन. भाषा खुसखुशीत होती आणि सल्ला तीन वाक्यांत मावणारा होता. शंभर टक्के सुती घ्या. जाडजूड घ्या, म्हणजे टिकेल. आणि नावाजलेल्या ब्रँडचं घ्या, म्हणजे बाकी काही बघावं लागत नाही. मोज्यांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. लेखक नागपूरचे आहेत. माझा वाद तिथूनच सुरू होतो.

माझं टेक्स्टाइलचं शिक्षण इचलकरंजीत झालं, तिरुपूरच्या एका निटिंग कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटी तपासली आणि गेली पंधरा वर्षं ठाण्यात राहते. म्हणजे बनियन विणला कसा जातो हे मी पाहिलंय, आणि जुलै महिन्यात तो वाळत कसा नाही हेही रोज पाहते. लेखकाचे तिन्ही नियम नागपुरात बऱ्यापैकी चालतात. तेच नियम त्यांनी 'महाराष्ट्राच्या हवेसाठी' म्हणून दिले, तिथे गोची झाली. महाराष्ट्राची हवा एक नाही.

थोडा हिशेब करू, कारण या वादाचं मूळ तिथेच आहे. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरचा पारा ४५ अंशांवर आहे आणि आर्द्रता १५ टक्के आहे असं धरा. या हवेच्या एका घनमीटरात जेमतेम १० ग्रॅम वाफ असते आणि त्या तापमानाला तिच्यात ६५ ग्रॅम मावू शकते. म्हणजे ५५ ग्रॅमची जागा रिकामी. आता जुलैतली मुंबई घ्या. २९ अंश तापमान, ८८ टक्के आर्द्रता. या हवेत जास्तीत जास्त २९ ग्रॅम वाफ मावते, आणि त्यातली २५ ग्रॅम तिने आधीच भरून घेतलेली आहे. जागा उरली साडेतीन ग्रॅमची. दोरीवर टाकलेला बनियन या रिकाम्या जागेत वाळायचा असतो. ओलं कापड वाळताना स्वतः थंड होतं, म्हणून हा हिशेब तंतोतंत तसाच उतरत नाही, पण दोन्ही गावांतला फरक दसपटीच्या खाली काही येत नाही.

अंगावरचा हिशेब वेगळा आहे. घामेजल्या कातडीलगतची हवा साधारण ३५ अंशांची आणि वाफेने गच्च, म्हणजे घनमीटरला ४० ग्रॅम. नागपूरच्या हवेत १० ग्रॅम आहे, तर घामाला बाहेर ढकलणारा फरक ३० चा. मुंबईत जुलैतही आणि मेमध्येही बाहेर २५ च्या आसपास असते, म्हणजे फरक १५ चा. थोडक्यात, अंगावरचा घाम मुंबईत निम्म्या वेगाने उडतो आणि धुतलेला कपडा दहाव्या हिश्शाने वाळतो.

लेखकाने लिहिलंय की सुती बनियन घामाने ओला झाला की वाऱ्यावर छान गार वाटतं. वाटणारच. नागपुरात ओला बनियन म्हणजे अंगावर बांधलेला कूलर. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं आणि पंख्याने हवा ओढायची, तोच प्रकार. पण मग नागपुरात घरोघरी दिसणारा कूलर मुंबईत कोणी का घेत नाही? कारण इथल्या हवेत पाणी उडत नाही, कूलर लावला की खोली फक्त दमट होते. जे खोलीचं तेच बनियनचं. घाम सुतात शिरतो, सूत तो धरून ठेवतं, तो उडत नाही, आणि ठाण्याहून सीएसएमटीला पोचेपर्यंत पाठीला एक ओलं फडकं चिकटलेलं असतं. कापसाचा जो गुण नागपुरात वरदान ठरतो तोच इथे ओझं होतो.

याचा अर्थ कापूस सोडा आणि पॉलिस्टर घाला असा मुळीच नाही. तो प्रचार दुसऱ्या बाजूने जोरात चालू आहे आणि तोही अर्धाच खरा आहे. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धाग्याच्या आत धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतो आणि मोठ्या जागेवरून उडतो, ही 'ड्राय' लिहिलेल्या बनियनची सगळी करामत. पण उडण्यासाठी वारा लागतो. धावणाऱ्याला तो मिळतो. शर्ट खोचून, वर आयडी कार्ड लटकावून लोकलमध्ये उभ्या माणसाला नाही. शिवाय वासाची भानगड आहे. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांना घाम गाळायला लावून त्यांचे टीशर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या टीशर्टांना जास्त घाण वास आला आणि वास निर्माण करणारे काही जंतू पॉलिस्टरवर जास्त फोफावलेले सापडले. दोन महिने वापरलेल्या अशा बनियनला धुतल्यानंतरही जो एक शिळा वास राहतो तो माझ्या घरातही ओळखीचा आहे.

तेव्हा आतून घालायचा बनियन आणि चड्डी यांसाठी माझंही मत कापसाच्याच बाजूने आहे. माझा झगडा 'जाडजूड घ्या' या दुसऱ्या वाक्याशी आहे. कारण 'शंभर टक्के कॉटन' एवढंच लिहिलेल्या दोन पाकिटांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो फरक लेबलवर नसतो, कापडाच्या वजनात असतो.

गेल्या पावसाळ्यात मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसले. नव्वद साइझचे, बिनबाह्यांचे दोन बनियन. दोन्ही शंभर टक्के सुती, दोन्ही चार-पाच वेळा धुतलेले. एक रिब विणीचा, म्हणजे उभ्या रेघांचा, ताणला की लांबणारा आणि सोडला की आक्रसणारा. तो कोरडा ११८ ग्रॅम भरला. दुसरा सिंगल जर्सीचा, टीशर्टच्या कापडासारखा सपाट पण त्याहून पातळ. तो ७८ ग्रॅम. दोन्ही भिजवून हाताने घट्ट पिळले. हाताने पिळलेलं सूत साधारण आपल्या वजनाइतकं पाणी धरून राहतं, तसंच झालं: पहिल्यात ११७ ग्रॅम पाणी, दुसऱ्यात ७२. रात्री दहा वाजता हॉलमधल्या दोरीवर दोन्ही शेजारीशेजारी टाकले. सकाळी आठला पातळ बनियन ८२ ग्रॅमवर आला होता, हाताला कोरडा लागत होता. जाड अजून १६४ ग्रॅमचा होता. त्यात जवळपास अर्धी वाटी पाणी अजून शिल्लक होतं.

यात गूढ काही नाही. दोघांचा पृष्ठभाग जवळपास सारखा, म्हणून दोघांतून तासाला उडणारं पाणीही सारखंच, सात ग्रॅमच्या आसपास. ज्यात पाणी जास्त तो मागे राहणार. मुंबईत घरोघरी सकाळी काय होतं? तो १६४ ग्रॅमचा बनियन इस्त्रीखाली धरला जातो, किंवा 'अंगावर वाळेल' म्हणून तसाच चढवला जातो. अंगावर तो वाळत नाही, हे वर पाहिलंच. जांघेत आणि काखेत दिवसभर ओल राहिली की आधी घामोळं, मग खाज आणि मग गजकर्ण. कापड निवडताना 'अंगाचा किती घाम शोषेल' हा प्रश्न लेखकाने विचारला. किनाऱ्यावरच्या माणसाने त्याआधी 'उद्या सकाळपर्यंत वाळेल का' हा विचारावा.

जाड कापड टिकतं, हेही अर्धसत्य. होजिअरीचं टिकणं जाडीवर कमी आणि धाग्यावर जास्त अवलंबून असतं. कोंब्ड कॉटन म्हणजे ज्यातले आखूड तंतू विंचरून काढले आहेत असं सूत. त्याचं पातळ कापडसुद्धा गुळगुळीत राहतं आणि त्यावर बोंडं धरत नाहीत. आखूड तंतूंच्या सुताचं जाड कापड चार धुण्यांत गोळ्यागोळ्यांचं होतं आणि घामेजल्या अंगावर खरखरतं. दुकानात हे ओळखायची सोपी रीत अशी की बनियन एका हातावर ताणून उजेडाकडे धरायचा. धागा एकसारखा दिसायला हवा. कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच ढगासारखे पट्टे दिसले तर जाडीवर भुलू नका. आणखी एक गोष्ट. नवा बनियन हाताला लोण्यासारखा मऊ लागतो तो पुष्कळदा कारखान्यात शेवटी दिलेल्या सिलिकॉनच्या सॉफ्टनरमुळे. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर हे कापड सध्या घाम पिणार नाही. दोन-तीन धुण्यांनंतर तो झटकन शिरायला लागतो. घरी धुताना पुन्हा सुगंधी सॉफ्टनर ओतला की आपणच तो थर परत चढवतो.

आता शंभर टक्क्यांविषयी. लेखकाने त्यांच्या चड्डीच्या पाकिटावरचे 'शंभर टक्के कॉटन' हे शब्द अभिमानाने उद्धृत केले आहेत. ते शब्द कापडापुरते असतात. कमरेची पट्टी पॉलिस्टर किंवा नायलॉनची असते आणि आत रबर किंवा इलास्टेन असतं. आणि चड्डीतला सगळ्यात घट्ट, सगळ्यात घासणारा, सगळ्यात उशिरा वाळणारा भाग नेमका तोच. घामोळं कमरेभोवती पट्ट्यासारखं उठतं ते याचमुळे. म्हणजे शंभर टक्के सुतीचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या कातडीला जिथे सर्वांत जास्त त्रास होतो तिथे सूत नसतंच.

पाकिटावर आयई किंवा ओई अशी अक्षरं असतात, त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. आयई म्हणजे इनर इलॅस्टिक: पट्टी कापडाच्या घडीत लपवलेली, अंगाला सूत लागतं. ओई म्हणजे आउटर इलॅस्टिक: रुंद पट्टी बाहेर उघडी, तीच थेट कातडीला. ऐकताना आयई चांगली वाटते. पण तिथे कापडाच्या दोन घड्या आणि मध्ये इलॅस्टिक असा तिहेरी थर होतो. पावसाळ्यात बाकी चड्डी वाळली तरी ही कड ओलीच राहते, आणि काही महिन्यांनी आतल्या आत पीळ पडून तिचा दोर होतो. तो दोर कमरेत रुततो. मी स्वतः ओई घेते आणि घरातल्यांनाही तीच घ्यायला लावते, पण दोन अटींवर: पट्टी निदान बोटभर रुंद हवी, आणि आतली बाजू गालाला लावली तर मऊ लागायला हवी. ज्यांच्या कमरेला आधीच पुरळ आहे त्यांनी मात्र आयई घ्यावी आणि वाळवायचे कष्ट सोसावेत. ज्यांना गजकर्ण झालंय त्यांचा प्रश्न दुकानात सुटत नाही. त्यांनी त्वचेच्या डॉक्टरकडे जावं, औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेली मलमं आणून लावू नयेत, आणि कपडे ६० अंशांच्या गरम पाण्यात वेगळे धुवावेत. गरम पाण्याने इलॅस्टिक लवकर मरतं, हे खरं. मरू द्यावं, नवी चड्डी घ्यावी.

शिवणीवर मागच्या लेखात एक अक्षर नाही. याचं मला खरं आश्चर्य वाटलं, कारण दमट हवेत ओली कातडी मऊ पडते आणि तिला कापड कमी, शिवण जास्त सोलते. आतला कपडा विकत घेताना मी एकच गोष्ट न चुकता करते: तो उलटा करून शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवते. ओव्हरलॉकची शिवण दोरीसारखी उभी राहते, नख अडतं. फ्लॅटलॉकची शिवण दोन्ही कापडं एका पातळीत बसवते, नख सरकत जातं. जांघेच्या कडेला आणि दोन पायांच्या मध्ये येणाऱ्या शिवणीवर हा फरक संध्याकाळी चालताना कळतो. ओव्हरलॉक सरसकट वाईट नाही. खांद्याला किंवा बगलेखाली बाजूला ती चालते, स्वस्तही पडते. पण मांड्या घासतात तिथे ती नको. शिवणीच्या टोकाला कडक दोऱ्याचं शेपूट राहिलं असेल तर ते टोचतं. कापून टाकू नका, उसवेल. सुईने आत ओढून घ्या. मानेमागचं लेबल छापील असेल तर उत्तम, नायलॉनचं शिवलेलं असेल तर घरी येऊन पहिलं काम ते उसवायचं.

बनियनची बाजूची शिवण ही तर गंमतच आहे. तिरुपुरात जुन्या पद्धतीचा बनियन अंगाच्या घेराच्याच गोल यंत्रावर नळीसारखा विणला जातो, त्याला बाजूला शिवण नसतेच. बाजूला शिवण आहे म्हणजे कापड रुंद विणून, कापून जोडलंय. सिंगल जर्सीत सुताचा पीळ उलगडायला बघतो, त्यामुळे धुतल्यावर सगळं कापड तिरकं वळतं. बाजूची शिवण चार धुण्यांनंतर पोटावर येते ती म्हणून. तुम्हाला वाटतं आपला बनियन वाकडा घातलाय, पण वाकडं कापडच असतं. नळीच्या बनियनमध्येही कापड वळतं, पण घासायला शिवण नसल्याने अंगाला कळत नाही. पातळ जर्सीच्या बनियनसाठी मी नळीचाच मागते. दुकानदार पहिल्यांदा बघत राहतो, मग खालच्या खणातून काढतो.

बायकांच्या कपड्यांविषयी मागच्या लेखात मौन आहे, म्हणून दोनच गोष्टी. निकर बाहेरून कुठल्याही कापडाची असो, मधली दुहेरी पट्टी, जिला दुकानात गसेट म्हणतात, ती सुती हवी. ती उलटवून बघायची, कारण बाहेरून दिसत नाही. आणि फोमचा कप असलेली ब्रा जुलैत दोन दिवस वाळत नाही. फोम स्पंजच आहे, वरून कोरडा लागतो आणि आत पाणी असतं. चार महिने बिनफोमची, सुती अस्तराची, खालची पट्टी रुंद असलेली वापरली तर छातीखालचं घामोळं निम्मं कमी होतं. हे मी डॉक्टर म्हणून नाही, ठाण्याची रहिवासी म्हणून सांगते.

आता मोजे, जिथे लेखकाचा नियम उलटून पडतो आणि माझाही जरासा. अंगावरच्या बनियनबद्दल मी म्हटलं की पाणी धरून ठेवणं हे ओझं. बुटात तसं नाही. ऑफिसच्या चामडी बुटात हवा खेळतच नाही, घाम उडायला रस्ता नाही, आणि तळपायात घामाच्या ग्रंथी शरीरात सगळ्यात दाट. तिथे मोज्याचं काम घाम उडवण्याचं नसून संध्याकाळपर्यंत साठवण्याचं आहे. पातळ पॉलिस्टरच्या मोज्यात साठवायला जागाच नसते, पाय आत घसरतो आणि बूट काढला की शेजारचे उठतात. इथे सूत हवं, आणि तळव्याला टॉवेलसारखी टेरी असेल तर आणखी बरं. जाळीच्या स्पोर्ट्स बुटात मात्र हवा फिरते. तिथे पॉलिस्टर किंवा नायलॉनचं मिश्रण घाम बाहेर पोचवतं आणि ओलं सूत पायाला फोड आणतं. मोजा बुटाकडे बघून निवडायचा असतो, ऋतूकडे नाही.

पण शंभर टक्के सुती मोजा? तसा चांगला मोजा नसतोच. नुसत्या सुताचा मोजा ताणला की ताणलेलाच राहतो, तळव्याखाली गोळा होतो, आणि गोळा झालेलं ओलं सूत म्हणजे फोडच. बाजारातल्या बऱ्या मोज्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: कापूस पाऊणशे ते ऐंशी टक्के, नायलॉन अठरा-वीस, इलास्टेन दोन-तीन. त्यातला नायलॉन टाच आणि अंगठा फाटू देत नाही, इलास्टेन आकार सांभाळतं. मोजा उलटा करून बोटांवरची शिवण बघा. सपाट, एकेक टाका जोडलेली असेल तर त्याला लिंकिंग म्हणतात, बोट फिरवलं तर जवळपास कळतही नाही. जाड वळकटी असेल तर घट्ट बुटात ती दिवसभर करंगळीवर बसते. टाचेला खराखुरा खळगा विणलेला हवा. नुसत्या नळीचा मोजा टाचेवरून सरकून बुटात जातो. फ्री साइझच्या नावाखाली हेच खपवतात.

लेखकाने मोज्यांसाठी 'बांबू' हा नैसर्गिक पर्याय सुचवला आहे. बांबूच्या मोज्यात बांबू तितकाच असतो जितकं कागदात लाकूड. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचे तंतू ओढतात, तो व्हिस्कोस झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून व्हिस्कोसला 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाया केल्या. २०२२ साली कोल्स आणि वॉलमार्ट या दोन साखळ्यांवर मिळून ५५ लाख डॉलरचा दंड बसला. व्हिस्कोस मऊ असतं, घाम कापसापेक्षा जास्त पितं, यात खोटं नाही. पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते (कापसाची उलट वाढते), आणि जास्त पाणी पितं म्हणून वाळतंही सावकाश. ज्या पायाला दिवसभर घाम येतो आणि ज्या घरात मोजा रात्रीत वाळला पाहिजे, तिथे हा सल्ला नेमका चुकीचा. मोडाल त्याच घराण्यातलं, पण ओलं झाल्यावर बरंच बळकट राहतं. कापसात मिसळलेलं मोडाल चड्डीला छान, फक्त पातळ असेल तर.

मोज्यांचा आणखी एक भाग मोज्यात नसतो. चामड्याचा बूट एका रात्रीत आतून कोरडा होत नाही, म्हणून रोज एकच बूट घालणाऱ्याला कुठलाही मोजा वाचवू शकत नाही. दोन जोड आलटूनपालटून घालावेत आणि दुपारी जेवणानंतर मोजे बदलावेत, एवढ्याने जे होतं ते जंतुरोधक म्हणून छापलेल्या महाग मोज्याने होत नाही. ती मात्रा हळूहळू धुऊन जाते.

शेवटी ब्रँड. नावाजलेलं घ्या, बाकी बघू नका, असं म्हणणं म्हणजे चांगल्या हॉटेलात गेल्यावर मेनूकार्ड वाचू नका म्हणण्यासारखं आहे. कोलकात्याची रूपा, लक्स आणि डॉलर, तिरुपूरची डिक्सी, मुंबईची व्हीआयपी, आणि जॉकीचा भारतातला परवाना असलेली बंगळुरूची पेज इंडस्ट्रीज, ही सगळी दांडगी घराणी आहेत. पण एकाच घराण्यात स्वस्त मालही निघतो आणि महागही, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या सुताचा. नाव बघून तुम्हाला घर कळतं, कापड कळत नाही. पाकिटावरचं मालिकेचं नाव आणि खालची बारीक अक्षरं वाचली तरच कळतं.

भरवशाचा ब्रँड म्हणजे माझ्या मते असा, की त्याच मालिकेचा दुसऱ्या वर्षी घेतलेला नग पहिल्यासारखाच असेल. एकदा एका प्रसिद्ध कंपनीची तीन चड्ड्यांची दोन पाकिटं मी सात महिन्यांच्या अंतराने घेतली. मालिका तीच, साइझ तीच, किंमत थोडी वाढलेली. दुसऱ्या पाकिटातली प्रत्येक चड्डी पहिलीपेक्षा नऊ ग्रॅमने हलकी होती आणि जांघेची शिवण फ्लॅटलॉकवरून ओव्हरलॉकवर आली होती. पाकिटावरचा मजकूर एका अक्षरानेही बदलला नव्हता. पातळ कापडाची मी एवढी वकिली केली, तेव्हा हलकी झाली म्हणून तक्रार का, असं कोणी विचारेल. तक्रार हलकेपणाची नाही, न सांगण्याची आहे. ती कंपनी मी सोडली. त्यापेक्षा दर वर्षी एकसारखा माल देणारी, जाहिरात न करणारी एक छोटी कंपनी मला जास्त भरवशाची वाटते, आणि माझ्या घरात बनियन तिचेच आहेत. पहिल्यांदा घेताना एकच पाकीट घ्यावं, सहा वेळा धुवावं, शिवण कुठे गेली आणि लांबी किती आटली ते बघावं, मगच डझन घ्यावेत. लांबीत दोन बोटांपर्यंत आटणं चालतं. चार बोटं आटली तर बनियन पँटमधून बाहेर येतो.

लेखकमहोदयांनी नागपूरकरांसाठी लिहिलेलं मी काही खोडत नाही. त्यांचा ११८ ग्रॅमचा बनियन त्यांच्या गच्चीवर पाऊण तासात वाळत असेल आणि अंगाला गारही लागत असेल. चिपळूण, पणजी, वसई, अलिबाग इथल्या वाचकांनी मात्र पुढच्या खरेदीला जाताना तो लेख घरी ठेवावा.

आणि होजिअरीवाल्यांना एक विनंती. पाकिटावर कापसाचं फूल छापता, हिरोचा फोटो छापता, 'सुपर कम्फर्ट' छापता. कपड्याचं वजन किती ग्रॅम, एवढी एक ओळ छापा. रव्याच्या पुड्यावर असते तशी.